कबड्डी स्पर्धेसाठी घोषवाक्य हवंय (जर्सी आणि बॅनर), गाव आणि सेक्टर दोघांनाही चालेल असं

घणसोलीचा पिंट्या
नमस्कार मंडळी. जानेवारीत आमच्या गावच्या मैदानात कबड्डी स्पर्धा आहे. पुरुषांचे १२ संघ, महिलांचे ४. पुरुषांत घणसोली, तळवली, गोठिवली, रबाळे, कोपरखैरणे, बोनकोडे, तुर्भे, दिवागाव, वरून विटावा आणि कळवा, शिवाय यंदा पहिल्यांदाच सेक्टरचे दोन संघ. सगळ्या संघांना जर्सी आपल्याकडून, प्रायोजक मिळालाय. म्हणून एक घोषवाक्य हवंय जे प्रत्येक जर्सीवर आणि मैदानातल्या बॅनरवर जाईल. वाचून पोरांच्या अंगात आलं पाहिजे आणि आपल्या संघाचा अभिमान वाटला पाहिजे.

कमिटीत सध्या हे तीन चालू आहेत:

खेळ लाल मातीचा, अभिमान आपल्या गावाचा
गावचे वाघ, मैदानात आग
ले पंगा, आगरी-कोळी स्टाइल

मला तिन्ही पटत नाहीत, पण का ते कमिटीला सांगता येत नाही. मदत करा. छपाईला तीन आठवडे आहेत.

डावा कोपरा
ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत एकही स्पर्धा नाही जिथे वाघ आणि आग भेटत नाहीत. आणि बारा संघांच्या पाठीवर 'वाघ' लिहिलंत तर पकडायचं कोणाला? निदान एका संघाला तरी शेळी छापा.

पाचपाखाडी बॉईज
भाऊ प्रवेश फी किती? आमचा संघ ६५ किलो वजनी गटाचा आहे. ओपन आहे का वजनी? बक्षीस रोख की चषक?

घणसोलीचा पिंट्या
@पाचपाखाडी, संघ भरलेत दादा. हा धागा घोषवाक्याचा आहे.

सेक्टरमधला सातारकर
पिंट्याशेठ, आमचाच तो सेक्टरचा संघ. पहिलं वाक्य बघून आमच्या पोरांनी विचारलं, "आपल्या गावाचा म्हणजे कोणाच्या?" आमच्यात कोणाचं गाव पाटण, कोणाचं जावळी, दोघं चिपळूणकडचे. बाप माथाडी म्हणून बाजार समितीत आले, पोरं इथेच जन्मली, इथल्याच मैदानात मॅट अंथरून खेळली. घणसोलीचं गावठाण त्यांचं गाव नाही आणि जावळीला ते वर्षातून एकदा जातात, यात्रेला. त्यांच्या पाठीवर 'आपल्या गावाचा' छापलं तर ती जर्सी सामन्यानंतर परत अंगात येणार नाही.

आगरी बाणा
हे बघा, सेक्टर झाले कधी? जमीन कोणाची होती? सिडको यायच्या आधीपासून इथे गावांचे संघ आहेत. गाव हा शब्द काढायचा नाही. ज्याला नको त्याने आपली जर्सी आणावी.

चेंदणीची रेवा
भांडण पुढे न्यायच्या आधी एक. महिलांचे चार संघ आहेत ना? "गावचे वाघ" आम्हीही घालायचं का? मागे एका स्पर्धेत आम्हाला "मर्दांचा खेळ" छापलेले टी-शर्ट दिले होते. आम्ही उलटे करून घातले.

निदान रेषा
मी कळव्याचा. पंधरा वर्षं खेळलो, आता पंचगिरी करतो. पिंट्या, कमिटीला काय सांगायचं ते सांगतो.

तुम्हाला घोषवाक्य एका संघाचं नकोय, स्पर्धेचं हवंय, आणि ते घालणारे एकमेकांच्या समोर उभे राहणार आहेत. घणसोली आणि तळवली, दोघांच्या पाठीवर "आमचा गाव लय भारी" असेल तर ते कोणाबद्दलच नाही. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवरही ते चाललं असतं. वाघ आणि आग यात तीच अडचण. ते क्रिकेटला चालतं, दहीहंडीला चालतं. कबड्डीचं त्यात काहीच नाही.

"लाल माती" तर आपली नाहीच, ती कुस्तीच्या आखाड्याची. आपल्याकडे मैदानात काळी-तांबडी कसलीही माती असायची, वर भुसा टाकायचो. आता तुम्ही मॅट भाड्याने आणणार, पोरं बूट घालून खेळणार. ज्याच्या गुडघ्याला मॅटचा चटका बसलाय त्याला माती कशी सांगाल?

"ले पंगा" हे प्रो कबड्डीवाल्यांचं आहे, २०१४ पासून टीव्हीवर वाजतंय. कायद्याचं राहू द्या. पण दुसऱ्याचं वाक्य पाठीवर घेऊन आपल्या गल्लीचा अभिमान कसा सांगणार?

आता खेळात शोधा. चढाईत पोरगा एकटा जातो. समोर सात जण. एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं, तीस सेकंदं, दम तुटला की पंच बाहेर काढतो. कबड्डीत जे एकट्याचं आणि जे सगळ्यांचं असतं ते इथेच दिसतं. मध्यरेषा ओलांडली की त्याला हात देणारं कोणी नसतं, पण मागे सहा जण आणि बाहेर अख्खी वस्ती त्याच्याबरोबर श्वास धरून असते. त्याने तिघांना घेऊन परत यावं की सगळे एकदम श्वास सोडतात. घोषवाक्य त्या जागेवरून काढा.

माझा मसुदा: चढाई एकाची, दम घणसोलीचा. तळवलीच्या जर्सीवर "दम तळवलीचा", सातारकरांच्या जर्सीवर "दम सेक्टर नऊचा". वाक्य एकच, नाव ज्याचं त्याचं. गाव हा शब्द काढायचाही नाही आणि घालायचाही नाही.

डावा कोपरा
काका, दम चढाईवाल्याचा. आम्ही पकडवाले काय चहा वाटायला आहोत? सामना जिंकतो तो कोपरा. तीन उरलेले असताना अव्वल पकड करून दोन गुण आम्ही आणतो आणि फोटो चढाईवाल्याचा.

पकडीचं एक घ्या: आलास खरा, जाशील कसा?

आगरी बाणा
हे झकास!! आमच्याकडे म्हणू, आयलास खरा, जाशील कसा? हेच ठेवा. दम बिम जाऊ दे.

घणसोलीचा पिंट्या
अरे हे दोन्ही भारी आहेत 😅 कोपरावालं कमिटीच्या ग्रुपवर टाकलं, पाच मिनिटांत वीस अंगठे आले.

सेक्टरमधला सातारकर
अंगठे येणारच. पण ते आमच्याच पोरांना स्वागताला मैदानाच्या कमानीवर लावलंत तर? पाहुणे संघ आत येताना वाचणार "आलास खरा, जाशील कसा". गेल्या वर्षी शेजारच्या एका स्पर्धेत सामन्यानंतर काय झालं सगळ्यांना माहीत आहे.

निदान रेषा
सातारकरांचं बरोबर आहे, आणि दुसरंही एक आहे. घोषवाक्य ठरवताना ते समोरचा कसं उलटवेल ते आधी बघायचं, कारण तो उलटवणारच. "जाशील कसा" लिहिलेल्या सात जणांतून कळव्याचा पोरगा चौघांना बाद करून परत गेला की प्रेक्षकांतून काय येईल? "गेला बघा, असा गेला!" आणि मग सगळा संघ बाद होऊन लोण चढला की संपलं, अख्खी रात्र तेच. पकडीचं वाक्य पकड बसली तरच खरं ठरतं. कबड्डीत चांगल्यातला चांगला बचाव असला तरी अर्ध्याहून जास्त चढायांत चढाईवाला सुखरूप परत जातो. काही गुण घेऊन जातात, काही नुसत्या रिकाम्या. म्हणजे वाक्य दर मिनिटाला खोटं पडणार.

"वाघ" उलटला की मांजर. "आग" उलटली की पाणी. "दम" उलटला की "दम लागला घणसोलीला". मला त्यातल्या त्यात हा बरा वाटतो. टोमणा खेळातलाच आहे, आईबहिणीवर जात नाही, आणि दुसऱ्या डावात फेडता येतो.

पण @डावा कोपरा, तुमचं वाक्य टाकून देऊ नका. ते बॅनरवर किंवा जर्सीवर नको, प्रेक्षकांच्या तोंडी असू द्या. चढाईवाला मध्यरेषा ओलांडतो तेव्हा ढोलावर म्हणायला ते उत्तम आहे. छापलेलं वाक्य पुसता येत नाही, तोंडातलं बदलता येतं.

पाचपाखाडी बॉईज
आमच्या गोविंदा पथकाचा अनुभव सांगतो. आम्ही पाठीवर चार ओळींची कविता छापली होती. खूप भारी होती. पण वरच्या थरावरच्या पोराच्या पाठीवरचं खालून कोणालाच वाचता आलं नाही, आणि खालच्या थरातल्यांच्या पाठीवर दुसऱ्यांचे पाय. त्यामुळे मोठं छापा, ठळक. पूर्ण पाठभर. नंबर छोटा कोपऱ्यात टाका.

निदान रेषा
मोठं छापा हे बरोबर. नंबर कोपऱ्यात हे नाही. कबड्डीत पाठीवरचा नंबर किमान सहा इंच आणि छातीवरचा चार इंच लागतो. पंच गुणलेखकाला नावाने सांगत नाही, नंबराने सांगतो. "पाच बाद, अकरा बाद" असं. तीन जण एकदम पडलेले असताना नंबर दिसला नाही तर चुकीचा खेळाडू बाहेर बसतो आणि तिथून वाद. जागा उरते ती नंबराच्या वर आणि खाली. खाली छापलेलं चड्डीत खोचलं जातं. म्हणजे खरी जागा एकच, मानेखालून नंबरापर्यंत.

शाईवाला
ठाण्यात जर्सी छापतो, वागळे इस्टेटला. निदान रेषा काकांनी जागा बरोबर सांगितली. आता मापाचं सांगतो, कारण घोषवाक्य इथेच मरतं.

मोठ्या माणसाच्या जर्सीवर पाठीची कामाची रुंदी साधारण ३० सेंमी धरा. नंबर गेल्यावर मानेखाली उभी जागा राहते १० ते १२ सेंमी. आमचा बोर्डाचा ढोबळ हिशोब असा की दहा फुटांवरून नीट वाचायला एक इंच उंचीचं अक्षर लागतं. तुमचा प्रेक्षक मॅटपासून तीस फुटांवर बसला तर तीन इंच. म्हणजे "चढाई एकाची, दम घणसोलीचा" हे पूर्ण वाक्य पाठीवर वाचण्याजोगं बसूच शकत नाही. दोन ओळींत टाकलं तरी अक्षर बारीक होतं, वरून मराठीत वेलांटी वर जाते, उकार खाली येतो. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजीत ही भानगड नाही म्हणून डिझाइनरच्या लक्षात येत नाही.

जर्सीवर फक्त दोन शब्द घ्या. "दम घणसोलीचा". पूर्ण वाक्य बॅनरवर.

चेंदणीची रेवा
मग बॅनरवर कोणाचं नाव? तिथे तर सोळा संघ आहेत.

घणसोलीचा पिंट्या
बॅनरवर "चढाई एकाची, दम नवी मुंबईचा"?

निदान रेषा
कळवा-विटाव्याचं काय करणार मग?

बॅनरवर प्रश्न ठेवा. चढाई एकाची, दम कुणाचा? उत्तर जर्सीवर आहेच. मॅटच्या मागे बॅनर, पुढे पोरगा पाठमोरा उभा, पाठीवर "दम तळवलीचा". फोटोग्राफरला काही सांगावं लागणार नाही. आणि निवेदकाने माइकवर अर्धं म्हटलं की उरलेलं प्रेक्षक म्हणतील, दोन्ही बाजूंनी, आपापलं नाव घेऊन. ज्यांचा आवाज मोठा त्यांचा दम.

सेक्टरमधला सातारकर
हे आवडलं. पोरांना ऐकवलं, लगेच "सेक्टर नऊचा" म्हणून ओरडले. सोसायटीचा वॉचमन वर आला.

आगरी बाणा
"कुणाचा?" म्हटलं की पुढे कोणाचं नाव येतं हे मुंबई-ठाण्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आवाज कुणाचा? ती एका पक्षाची घोषणा आहे. तुमच्या प्रायोजकाला चालेल? मैदानात दोन्हीकडची माणसं येणार. अर्धे लोक मुद्दाम पक्षाचंच नाव ओरडतील.

(दम ही गोष्ट मला पटली, हे वेगळं सांगतो. गाव काढलंत पण नाव ठेवलंत, ठीक आहे.)

डावा कोपरा
बाणा साहेब पहिल्यांदा पटलात. उरणला एका स्पर्धेत हेच झालं होतं, निवेदक "कोणाचा?" म्हणाला आणि अर्ध्या मैदानाने भलतंच उत्तर दिलं.

निदान रेषा
शंका रास्त आहे. प्रश्न विचारून गर्दीकडून उत्तर घ्यायची पद्धत पक्षाच्या आधीपासूनची आहे, पण गर्दी इतिहास बघत नाही. दोन मार्ग दिसतात. एक, "कुणाचा" काढून बॅनरवर सगळी नावं लिहायची: "चढाई एकाची" मोठ्या अक्षरात आणि खाली ओळीने "दम घणसोलीचा, दम तळवलीचा, दम रबाळ्याचा..." असे सगळे. दोन, प्रश्न ठेवायचा आणि निवेदकाला बजावायचं की तो एकट्याने कधी विचारायचा नाही, आधी संघाचं नाव घ्यायचं. मला दुसरा आवडतो, पण मैदान तुमचं आहे, तिथली माणसं तुम्हाला माहीत.

शाईवाला
पहिला मार्ग घेणार असाल तर बॅनर २० बाय ४ फुटांचा धरा. वरचे दोन फूट "चढाई एकाची", कारण खालच्या अर्ध्यासमोर माणसं उभी राहतात. बॅनरच्या तळाशी लिहिलेलं पहिल्या दहा मिनिटांतच झाकलं जातं. आणि नेत्यांचे फोटो वर नको, बाजूला. नाहीतर घोषवाक्य दोन डोक्यांच्या मधल्या फटीत जातं.

रस्त्यावर लावणार असाल तर महापालिकेची परवानगी काढा, परवानगीचा क्रमांक आणि मुदत बॅनरवरच छापून घ्या. विद्रूपीकरणाचा कायदा १९९५ चा आहे, अजून लागतो. नाक्यावर लावलेला विनापरवाना बॅनर स्पर्धेच्या आदल्या रात्री उतरवला जातो आणि गुन्हा ज्याचं नाव छापलंय त्याच्यावर.

घणसोलीचा पिंट्या
शाईवाले दादा, मग सोळा संघांच्या जर्सींवर सोळा वेगवेगळी नावं म्हणजे खर्च वाढणार ना? आमचा नेहमीचा छपाईवाला म्हणाला, एकच मजकूर ठेवा नाहीतर दर वाढेल.

शाईवाला
तो स्क्रीन प्रिंटिंग करत असेल. त्यात प्रत्येक मजकुराला वेगळी जाळी बनते, म्हणून सोळा नावं म्हणजे सोळा जाळ्या. सब्लिमेशनमध्ये कागदावर प्रिंट काढून उष्णतेने कापडात उतरवतात, तिथे प्रत्येक जर्सीचा मजकूर, नाव, नंबर वेगळा असला तरी छपाईचा खर्च तोच. फक्त कापड पॉलिस्टर आणि मूळ पांढरं लागतं. सुती बनियनवर ते धरत नाही आणि गडद कापडावर उठत नाही. कबड्डीला सब्लिमेशनच बरं, कारण रबरी प्रिंट असलेल्या जर्सीला सात जण धरून ओढतात तेव्हा ती तडकते. एका सामन्यात "दम"चा "द" गेला की काय उरतं ते बघा.

डावा कोपरा
'म घणसोलीचा' 😂

सेक्टरमधला सातारकर
मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांत छापलं तर? आमचा डिझाइनर म्हणतो मराठी फाटतं.

शाईवाला
फाटतं ते फाइल पाठवायच्या पद्धतीमुळे. तुमच्या संगणकात फॉन्ट असतो, आमच्यात नसतो. किंवा कोरलची आवृत्ती जुनी असते, तिला युनिकोड मराठी जुळवता येत नाही. मग पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षराचा पाय मोडून सुटा पडतो. "कोपरखैरण्याचा" मधला "ण्या" हमखास फुटतो. उपाय साधा आहे. मजकूर अंतिम झाला की त्याचं कर्व्हमध्ये रूपांतर करून पाठवायचं, म्हणजे ते अक्षर राहत नाही, आकार होतो, फॉन्टचा संबंध संपतो. त्यानंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधी वाचून घ्या. आणि एकच जर्सी छापून हातात घ्या, मग पुढच्या.

आता लांबीची गंमत. "दम रबाळ्याचा" छोटं आहे. "दम कोपरखैरण्याचा" एका ओळीत ३० सेंमीत बसवायचं तर अक्षर बारीक करावं लागतं. डिझाइनर काय करतो? ज्याचं नाव लांब त्याचं अक्षर लहान करतो. मैदानात दोन संघ शेजारी उभे राहिले की कोपरखैरण्याचं नाव रबाळ्यापेक्षा लहान दिसतं, आणि त्यावरून आमच्या दुकानात भांडणं झाली आहेत. म्हणून आधी सगळ्यात लांब नाव लावायचं. "दम" वेगळ्या ओळीत मोठा, साधारण पाच सेंमी. त्याखाली "कोपरखैरण्याचा" २८ सेंमी रुंदीत जेवढ्या उंचीचं बसेल तेवढं, साडेतीन सेंमीच्या आसपास येईल. मग तीच उंची सगळ्या संघांना. "रबाळ्याचा" बाजूला मोकळी जागा सोडेल, सोडू दे. ताणून भरायचं नाही.

साडेतीन सेंमी म्हणजे लांबच्या प्रेक्षकाला गावाचं नाव वाचता येणार नाही, "दम" तेवढा कसाबसा ओळखता येईल. नाव जवळून आणि फोटोत. इतकंच मिळतं.

चेंदणीची रेवा
मी परत तेच विचारते. "चढाई एकाची" आमच्यासाठी?

निदान रेषा
ताई, तुमच्या बॅनरवर "चढाई एकीची" करा. एका मुलीची चढाई आणि एकजुटीची चढाई, दोन्ही त्यातच आलं. खरं सांगायचं तर पुरुषांच्या वाक्यापेक्षा हे सरस झालंय.

चेंदणीची रेवा
वा! मग सगळ्यांनाच "एकीची" का नाही? एकच बॅनर, स्त्री-पुरुष दोघांना चालेल. पुरुषांना एकजूट नको आहे का?

डावा कोपरा
मला चालेल, एकीत बचावही आला 😌

आगरी बाणा
पुरुषांच्या सामन्याला "एकीची" लिहिलं तर पहिले दोन दिवस सगळे चूक छापली म्हणून सांगायला येतील.

निदान रेषा
दोन्ही बाजू खऱ्या आहेत. "एकीची" मध्ये एकटेपणा निसटतो, जो मला महत्त्वाचा वाटतो. पोरगा एकटा जातो हीच तर त्या ओळीतली ताकद. पण एकच बॅनर ठेवायचा असेल तर रेवाताईंचं वाक्य जास्त लोकांना सामावतं. मी ठरवणार नाही.

घणसोलीचा पिंट्या
कमिटीपुढे मांडलं. जर्सीवर "दम + नाव" सर्वांनुमते पास. "लाल माती" एका काकांना सोडवत नव्हती, त्यांना म्हटलं तुम्ही निवेदन करताना म्हणा. बॅनरचं मात्र अडलंय. "एकाची/एकीची" वर पंधरा मिनिटं गेली आणि "कुणाचा?" वर त्याहून जास्त. प्रायोजक म्हणतो प्रश्न नको, नावं सगळी लिहा. पोरांना प्रश्नच हवाय.

आणि एक, नावांची यादी करताना दिवागावच्या लोकांनी सांगितलं, "दिव्याचा" नको, "दिवागावचा" लिहा, नाहीतर लोक मुंब्र्यापलीकडचं दिवा स्टेशन समजतील. बोनकोडेवाले "बोनकोड्याचा" की "बोनकोडेचा" यावर आपसात भांडतायत. तुर्भ्याचंही तसंच.

शाईवाला
त्यांच्याकडूनच लेखी घ्या. प्रत्येक कर्णधाराने आपल्या हाताने लिहून, खाली सही, फोटो काढून पाठवायचा. आम्ही ते बघूनच टाइप करतो. मग जर्सी आल्यावर कोणी म्हणालं की आमचं नाव असं नाही, तर सही दाखवायची.

सेक्टरवाल्यांनी "९" आकडा लिहू नका, "नऊचा" अक्षरी लिहा. खाली सहा इंचाचा जर्सीचा नंबर आहे, वर अजून एक आकडा आला की गोंधळ.

निदान रेषा
अगदी. आणि जर्सीचे नंबर मराठी आकड्यांत छापायचा मोह होईल, तर गुणलेखक आणि दोन्ही पंचांना आधी विचारा. लांबून १ आणि ९ सारखे दिसतात, घामाने चिकटलेल्या कापडावर तर जास्तच. मला स्वतःला मराठी आकडे आवडतात, पण मी पंच असेन तर नको म्हणेन.

आगरी बाणा
नंबर तरी मराठीत असू द्या की राव.

सेक्टरमधला सातारकर
आमच्या कर्णधाराने लिहून दिलंय: दम सेक्टर नऊचा. सहीसकट. शाईवाले दादा, "सेक्टर नऊचा" २८ सेंमीत बसतं का तेवढं सांगा, मधली मोकळी जागा धरून.

शाईवाला
कोपरखैरण्यापेक्षा कमीच भरेल. यादी पूर्ण झाली की एकत्र लावून दाखवतो. पिंट्या, सोळा सह्या शनिवारपर्यंत. बॅनरचं नंतर बघू, त्याला दोन दिवस पुरतात.